किती बचत केली म्हणजे पुरे?

बचत जितकी जास्त तितका देश सुखी, असं आपण धरून चालतो. रॉबर्ट सोलो यांनी 1956 साली मांडलेल्या आर्थिक वाढीच्या प्रतिमानात हे गणित घालून पाहिलं, तर एका टप्प्यानंतर ते उलटं फिरतं. ते वळण कुठे येतं, हे एडमंड फेल्प्स यांनी 1961 साली दाखवलं आणि त्याला ‘सुवर्ण नियम’ म्हटलं.

एक सोपा देश कल्पू या. लोकसंख्या स्थिर, तंत्रज्ञानही तेच. दर कामगारामागे 9 लाखांचं भांडवल असेल तर वर्षाला उत्पादन 3 लाखांचं, 25 लाखांचं असेल तर 5 लाखांचं. म्हणजे भांडवलाच्या वर्गमुळाइतकं. यंत्रं, इमारती दरवर्षी 10 टक्के झिजतात. हा घसारा भरून काढण्यापुरतीच बचत होऊ लागली की भांडवल वाढायचं थांबतं. ती स्थिर अवस्था.

आता बचतीचा दर 30 टक्के ठेवा. भांडवल 9 लाखांवर स्थिरावतं, कारण 3 लाखांतले 90 हजार वाचतात आणि तेवढाच घसारा असतो. खायला-ल्यायला उरतात 2.1 लाख. दर 50 टक्के केला, तर भांडवल 25 लाख, उत्पादन 5 लाख, उपभोग 2.5 लाख. आणि 70 टक्के? भांडवल 49 लाख, उत्पादन 7 लाख, पण घसाराच 4.9 लाखांचा. हाती उरतात पुन्हा 2.1 लाखच! इतकं पोट मारून वाचवायचं, ते केवळ यंत्रं टिकवायला.

इथे 50 टक्के हा सुवर्ण दर. त्या जागी भांडवलात एक रुपया वाढवला तर वर्षाला 10 पैसे जास्त मिळतात आणि 10 पैसेच झिजतात. 49 लाखांवर मात्र जेमतेम 7 पैसे मिळतात. बचत अती झाल्याची हीच खूण. लोकसंख्या वाढत असेल, तर नव्या हातांना साधनं पुरवण्याचा खर्चही घसाऱ्यात मिळवावा लागतो. आणि 50 हा आकडा सगळीकडे लागू नाही. उत्पन्नातला भांडवलाचा वाटा आमच्या देशात निम्मा धरला, म्हणून तो आला. वाटा एक तृतीयांश असेल, तर सुवर्ण दरही तेवढाच.

70 टक्क्यांवरून 50 वर येणं सोपं आहे. उपभोग त्याच वर्षी 3.5 लाखांवर जातो आणि हळूहळू 2.5 लाखांकडे उतरतो. कुणाचंच नुकसान होत नाही. म्हणून 70 टक्के बचत ही मला सरळ चूक वाटते. पण 30 टक्क्यांची तशी नाही. तिथून 50 वर जाताना उपभोग आधी 2.1 वरून 1.5 लाखांवर कोसळतो आणि मूळ पातळी गाठायला सुमारे 18 वर्षं लागतात. ही झळ आजच्या लोकांनी सोसायची आणि फळ पुढच्यांनी खायचं. ती सोसावी की नाही, याचं उत्तर सुवर्ण नियम देत नाही.