थकलेल्या हिशेबाचे पत्र

राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचा अखेरचा हिशेब, म्हणजे ‘फुल अँड फायनल’, अडकला की कंपनीला लेखी पत्र पाठवावे लागते. ‘माझी सर्व थकबाकी त्वरित द्यावी’ एवढ्यावर बहुतेक पत्रे संपतात आणि इथेच त्यांचे बळ जाते. रक्कम किती आणि ती कोणत्या तारखेपासून थकली, हे नसेल तर लेखा विभाग ‘प्रक्रियेत आहे’ असे कळवून मोकळा होतो.

एक नमुना पाहू. कर्मचारी १ जुलै २०१७ रोजी रुजू झाला. त्याने १५ फेब्रुवारी २०२५ रोजी राजीनामा दिला आणि ३१ मार्च हा कामाचा शेवटचा दिवस ठरला. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. नोटीस ६० दिवसांची, त्यांतले ४५ दिवस भरले. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात एवढेच यावे, सोबत राजीनामा स्वीकारल्याच्या ईमेलची तारीख.

पुढे हिशेब. मार्चचा पगार, भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कर वजा जाता, ३६,६८० रुपये. शिल्लक १८ रजांचे, कंपनीच्या नियमाप्रमाणे दिवसाला १,००० धरून, १८,००० रुपये. सेवा ७ वर्षे ९ महिने. सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने ग्रॅच्युइटीसाठी ८ वर्षे. २६,००० ला २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाचे १५,००० येतात. आठ वर्षांचे १,२०,०००. एकूण १,७४,६८० रुपये. नोटिशीतल्या न भरलेल्या १५ दिवसांचे १३,००० नियुक्तिपत्रानुसार वजा करून मागणी १,६१,६८० रुपयांची. ही वजावट कर्मचाऱ्याने स्वतःच दाखवावी. ती लपवली तर कंपनीला सगळाच हिशेब नाकारायला निमित्त मिळते. मात्र ती पगार व रजेच्या रकमेतून दाखवावी. नोटीस कमी भरली म्हणून ग्रॅच्युइटी कापण्याची तरतूद कायद्यात नाही.

१९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार ही रक्कम ३० दिवसांत, म्हणजे इथे ३० एप्रिलपर्यंत, मिळायला हवी होती. उशीर झाल्यास सरळव्याज दरसाल १० टक्के. १,२०,००० वर दिवसाला सुमारे ३३ रुपये. पत्रात ते वेगळ्या ओळीत मागावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली असून, त्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांचे वेतन दोन कामाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे.

भविष्य निर्वाह निधीची साठलेली रक्कम या बेरजेत धरू नये. ती कंपनीकडे नसते. तिथे फक्त नोकरी सोडल्याची तारीख नोंदवायला सांगावे.

शेवटी मुदत: ‘हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम खात्यात जमा करावी, अन्यथा ग्रॅच्युइटीसाठी नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्यात येईल.’ पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही पाठवावे व पोच जपून ठेवावी. रक्कम खात्यात येण्याआधी ‘कोणतेही येणे बाकी नाही’ अशा कागदावर सही करू नये.