बॅग हरवली? मेल असा लिहा

गेल्या महिन्यात लंडन-मुंबई प्रवासात माझी बॅग पट्ट्यावर आलीच नाही. विमानतळ सोडण्याआधी बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याची नोंद करून घेतली. तिचा क्रमांक हाच पुढच्या दाव्याचा कणा असतो.

मग एअरलाइनला पाठवलेल्या इंग्रजी मेलच्या विषयातच तो क्रमांक टाकला. खाली फ्लाइट, तारीख, बॅगेज टॅगचा नंबर आणि बॅगेचं वर्णन: निळी, कडक कवचाची, डावं चाक तुटकं. ‘निळी बॅग’ एवढंच लिहिलं तर शोधणार कशी? मग वस्तूंची यादी, किमती आणि तातडीने घेतलेल्या कपड्यांची बिलं.

त्याखाली हिंदी, काउंटरवरच्या माणसाला झटकन वाचता यावं म्हणून: ‘मेरा बैग अब तक नहीं मिला है। कृपया दावा दर्ज कर लिखित उत्तर दें।’ क्रमांक आणि रकमा दोन्हीकडे तंतोतंत त्याच ठेवा, फरक दिसला की प्रश्न सुरू होतात.

आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार 21 दिवसांत बॅग आली नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. उशिरा मिळाली, तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. बोर्डिंग पास आणि टॅग दावा मिटेपर्यंत फेकू नका.