दोन लेखक, एक पुस्तक आणि रॉयल्टीचा हिशेब

मौलाना आझाद रोज संध्याकाळी उर्दूत बोलत आणि हुमायून कबीर टिपणे घेत. त्यांवरून कबीर इंग्रजीत प्रकरण लिहीत. मौलाना ते वाचत, बदल सुचवत, काही भाग गाळायला सांगत. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ हे पुस्तक असे तयार झाले. आठवणी आणि मते आझादांची, वाक्ये कबीरांची. मग लेखक कोण?

फेब्रुवारी १९५८ मध्ये आझाद गेले. १९५९ मध्ये पुस्तक आले ते त्यांच्याच नावाने. कबीरांनी आपला वाटा प्रस्तावनेत सांगितला. रॉयल्टीचा काही भाग आझादांच्या जवळच्या नातेवाइकांना मिळेल आणि उरलेली रक्कम निबंध-पारितोषिकांसाठी दिली जाईल, हेही त्यांनी तिथेच नोंदवले. सुमारे तीस पाने मात्र आझादांच्या इच्छेनुसार तीस वर्षांसाठी सीलबंद ठेवली गेली. १९८८ मध्ये ती उघडायची वेळ आली आणि आझादांच्या वारस म्हणून नजमा हेपतुल्ला दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आझाद आणि कबीर यांच्यात निकटचे बौद्धिक सहकार्य होते, म्हणून दोघेही सहलेखक ठरतात, असे न्यायालयाने म्हटले. तोवर दोघांपैकी एकही हयात नव्हते. कबीर १९६९ मध्येच वारले होते.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मुखपृष्ठावरचे नाव, प्रत्यक्ष केलेले काम आणि पैसे या तीन वेगवेगळ्या वाटण्या आहेत. एक ठरली म्हणून उरलेल्या दोन आपोआप ठरत नाहीत. भांडणे बहुधा इथेच सुरू होतात, कारण ‘सगळे अर्धे अर्धे’ एवढ्या एका वाक्यावर दोघे कामाला लागतात.

समजा, एक भूशास्त्रज्ञ आणि एक पत्रकार मिळून महाराष्ट्रातल्या बारवांवर पुस्तक करताहेत. शास्त्रज्ञाकडे वीस वर्षांच्या पाहणीच्या वह्या आहेत, लिहिणार पत्रकार. शब्द मोजून वाटा ठरवला तर शास्त्रज्ञाला जवळपास काहीच मिळणार नाही, आणि वह्या मोजल्या तर पत्रकाराचे वर्षभराचे लेखन फुकट जाईल. म्हणून कामाची यादी करावी: पाहणी, मुलाखती, पहिला खर्डा, तथ्यांची तपासणी, नकाशे, मुद्रितशोधन, पुढच्या आवृत्तीतल्या दुरुस्त्या. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख लिहावी. शेवटच्या दोन नोंदी विसरल्या जातात, आणि पुस्तक खपू लागले की त्यांचेच ओझे एकाच्या अंगावर पडते.

आता पैसे. किंमत ४०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के, खप १००० प्रती. म्हणजे ४०,००० रुपये आले. प्रवास आणि छायाचित्रांसाठी शास्त्रज्ञाने स्वतःचे ८,००० रुपये घातले होते. आधी हा खर्च परत करून उरलेले ३२,००० अर्धे केले तर प्रत्येकाच्या हाती मोबदला म्हणून १६,००० पडतात. खर्च न वळता करता ४०,००० अर्धे केले तर पत्रकाराला २०,००० मिळतात आणि खर्च वजा जाता शास्त्रज्ञाकडे फक्त १२,००० उरतात. दोन्ही वाटण्या कागदावर ‘अर्ध्या अर्ध्या’च असतात. म्हणून टक्केवारी ठरवण्याआधी खर्चाचे कलम लिहिले पाहिजे. टक्केवारी समानच हवी असेही नाही. लेखनाचा भार एकावर असेल तर पहिल्या आवृत्तीला साठ-चाळीस आणि पुढे समान, हा तोडगा मला जास्त न्याय्य वाटतो.

कायद्याचा एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, दोघांचे योगदान एकमेकांपासून वेगळे काढता येत नसेल तरच ते संयुक्त लेखन. पहिली पाच प्रकरणे एकाची, पुढची पाच दुसऱ्याची, अशी स्वतंत्र विभागणी असेल तर आपापल्या प्रकरणांचा हक्क ज्याचा त्याचा. संयुक्त लेखनात मात्र अनुवादाची किंवा नव्या आवृत्तीची परवानगी एकट्याने परस्पर देऊ नये. दोघांची संमती लागते. हा हक्क नंतर मरण पावणाऱ्या लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे पुढे एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन कुटुंबांना एकत्र निर्णय घ्यावे लागणार. कुणाच्या सहीने काय होईल आणि एकाने काम अर्ध्यात सोडले तर त्याचे नाव व वाटा किती राहील, हे त्यांच्यासाठीही लिहून ठेवावे लागते.

नावाचा क्रम मराठीत अनेकदा वर्णानुक्रमाने किंवा ज्येष्ठतेने लावला जातो. त्याला हरकत नाही, पण प्रास्ताविकात कुणी काय केले हे दोन ओळींत सांगावे. वाचकाला आणि उद्याच्या संशोधकाला ते लागते.

सहलेखनाचा विचार करणाऱ्यांनी पहिले प्रकरण लिहिण्याआधी दोन पानांचा करार करावा, दोघांनी सह्या कराव्यात आणि त्याची प्रत प्रकाशकाला द्यावी. प्रकाशकाशी होणाऱ्या करारात रॉयल्टीचे विवरण आणि रक्कम दोघांना स्वतंत्रपणे पाठवण्याचे कलमही आग्रहाने घालून घ्यावे.