पैठणीचा पदर कॅमेऱ्यासमोर

लुकबुकसाठी पैठणीचे छायाचित्र काढताना पदराची नक्षी पूर्ण दिसायला हवी. मोर चुण्यांत हरवले, तर साडीची ओळखच पुसली जाते. म्हणून पदर खांद्यावरून एकेरी सोडतात आणि मॉडेल किंचित तिरपी उभी राहून तो डाव्या हातावर पसरते. निऱ्या मात्र घट्ट आणि खालचे काठ एका रेषेत. प्रकाश बाजूने, मऊ हवा. समोरून फ्लॅश पडला की जरीकाम पांढरेफटक दिसते. उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे असतील, तर त्यांची धूपछाँवही तिरप्या उजेडातच खुलते. नथ, ठुशी आणि हिरव्या बांगड्या पुरेत. लांब हार खांद्यावरचा काठ झाकतो. जांभळ्या पैठणीमागे चुन्याची फिकट, बिनचकाकीची भिंत उत्तम. सोनेरी पडद्यापुढे जरीचा काठ वेगळा उठून दिसत नाही.