चेहरा खरा, मान उसनी

घरातला वडीलधारा माणूस जातो आणि हार घालायला धड फोटो सापडत नाही. सापडतो तो लग्नाच्या जुन्या अल्बममधला, गर्दीतला चेहरा. पुण्यातल्या फोटो स्टुडिओंत मग तो कापून कोट घातलेल्या तयार धडावर बसवतात. कडा जुळतात, पण हनुवटीखाली रंग तुटतो.

घाईत बरेच जण चेहराच उजळवून मानेच्या रंगाला आणतात. हे उलटं आहे. कोटातलं धड कुणाचंही असतं. चेहरा मात्र घरच्यांच्या ओळखीचा. सावळे आजोबा गोरे झाले, तर ते आजोबा राहत नाहीत. बदलायची ती मान आणि हात.

त्याआधी चेहऱ्याचा खरा रंग शोधावा लागतो. १९७०-८०च्या दशकांतल्या अनेक रंगीत प्रिंट्समधला निळसर सायन रंग बंद अल्बममध्येही विरतो आणि चेहरा लालसर दिसतो. अशा वेळी डोक्यावरची पांढरी टोपी कामाला येते. समजा, फोटोशॉपच्या Info पॅनेलमध्ये टोपीवर लाल २३२, हिरवा २०८, निळा २०५ असे आकडे आले. Curves मध्ये लाल खाली आणून तिन्ही जवळजवळ सारखे केले की चेहऱ्यावरची लालीही उतरते. पिवळ्या पडलेल्या टोपीवर किंवा तिच्या सावलीवर मात्र हे मोजू नये.

आता आयड्रॉपरचं माप '5 by 5 Average' ठेवून गाल आणि मान यांचा सारखाच उजेड पडलेला भाग मोजायचा. एकाच पिक्सेलचा आकडा फसवतो. गालावर १५८, ११२, ८६ आणि मानेवर २०५, १६०, १३८ आले, असं धरू. मानेच्या थरावर Curves घेऊन लाल वाहिनीत २०५चा बिंदू १५८वर, हिरव्यात १६०चा ११२वर, निळ्यात १३८चा ८६वर आणायचा. मास्क फक्त मान आणि हातांपुरता. नाहीतर पांढरा सदराही मळकट होतो. मग सावलीतला एक बिंदू तसाच जुळवायचा. मोजताना तळहात टाळावा, तो मुळातच फिका असतो. मान चेहऱ्यापेक्षा किंचित गडद राहिली तरी चालते. हनुवटीखालची सावली पुसली, तर मुंडकं चिकटवल्यासारखं दिसतं.

तपासायला वर एक कृष्णधवल थर ठेवावा. जोड तरीही दिसली, तर चूक उजेडाची आहे. तो थर काढून रंगांची तीव्रता खूप वाढवली, की छटेतला फरक उघडा पडतो.

उजेडाची दिशाच वेगळी असेल, तर मात्र रंग जुळवून भागत नाही. चेहऱ्यावर डावीकडून ऊन आणि कोटावर उजवीकडून, तर काही जण चेहरा आरशासारखा उलटवतात. मग भांग आणि तीळ बाजू बदलतात, आणि ते घरच्यांना लगेच कळतं. त्यापेक्षा धड उलटवायला सांगा. कोटाची बटणं बाजू बदलतील, पण ती कुणी शोधत नाही. आणि फोटो करायला देताना अल्बममधला एकच नव्हे, दोन-तीन फोटो न्या, म्हणजे खरा रंग ताडून पाहता येईल.