लोणच्याच्या विक्रीचा मजकूर

कोकणातील एका महिला बचत गटाने कैरीच्या लोणच्याच्या विक्रीसाठी प्रसिद्ध केलेला मजकूर मी नुकताच नव्याने लिहून दिला. मूळ मजकुरात ‘घरगुती, चविष्ट, शुद्ध’ ही विशेषणे विपुल होती. परंतु बरणी किती वजनाची, दर काय आणि मागणी कोणाकडे नोंदवावी, याचा खुलासा कोठेच नसल्यामुळे त्याच त्याच प्रश्नांची उत्तरे देण्यात गटाच्या सचिवबाईंची दुपार खर्ची पडे.

म्हणून विशेषणे वगळून कृती आणली. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचे, सुटलेले पाणी निथळायचे, आणि मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट कालवून, कडकडीत तापवून पूर्ण गार केलेले तेल फोडी बुडतील इतके ओतायचे, ही त्या स्त्रियांची रीत सांगितल्यावर ‘शुद्ध’ म्हणण्याचे प्रयोजन उरत नाही.

मागणीचा तपशील असा झाला: “अर्धा किलोची बरणी 220 रुपये, टपालखर्च निराळा. नाव, पूर्ण पत्ता, पिन कोड व बरण्यांची संख्या एकाच निरोपात व्हॉट्सॲपवर कळवावी. एकूण रकमेचा आमचा निरोप आल्यावरच पैसे भरावेत. शनिवारपर्यंतच्या मागण्या सोमवारी रवाना होतील.”

हा क्रम हेतुपुरस्सर आहे. टपालखर्च अंतर व वजन यांवर ठरत असल्याने रक्कम आधी भरून घेतली, तर ती बहुधा कमी पडते आणि उरलेले दहावीस रुपये मागण्याचा संकोच गटाच्या पदरी येतो. शेवटी अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक घातला. तो बरणीच्या चिठ्ठीवरही, तयार केल्याच्या तारखेसह, असावा लागतो.