प्रकरण पद्धती (वाणिज्य शिक्षण)

प्रकरण पद्धती ही वाणिज्य व व्यवस्थापन शिक्षणातील एक अध्यापन पद्धती होय. तीत विद्यार्थ्यांपुढे एखाद्या व्यवसायाची निर्णयाच्या क्षणापर्यंतची हकिकत ठेवली जाते आणि निर्णय त्यांनी चर्चेतून घ्यावयाचा असतो. पाठाचे साधारणतः तीन टप्पे असतात : पूर्ववाचन, भूमिकांनुसार चर्चा आणि समारोप-चर्चा. या लेखात बी.कॉम.च्या वर्गासाठी रचलेल्या एका काल्पनिक प्रकरणाच्या आधारे हे टप्पे स्पष्ट केले आहेत.

## उगम

या पद्धतीचा उगम कायद्याच्या शिक्षणात आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी विद्यालयात क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० पासून न्यायालयीन निवाड्यांच्या आधारे शिकविण्यास आरंभ केला. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने ती व्यवसाय शिक्षणासाठी स्वीकारली. १९१९ मध्ये अधिष्ठाता झालेले वॉलेस डॉनहॅम यांनी तिचा तेथे विस्तार केला. भारतात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्या सहकार्यामुळे ही पद्धती प्रारंभापासून अवलंबिली.

## नमुना प्रकरण

एका लहान पापड उद्योगाला मोठ्या किरकोळ विक्री साखळीकडून दरमहा ३,००,००० रुपयांच्या मालाची मागणी येते. माल आणि बिल महिनाअखेरीस द्यावयाचे असून पैसे त्यानंतर ६० दिवसांनी मिळणार आहेत. या मालासाठी डाळ, मसाला, मजुरी व वेष्टन यांवर दरमहा २,४०,००० रुपये खर्च होतो आणि तो महिनाभर रोखीने करावा लागतो. उद्योगाच्या बँक खात्यात ३,५०,००० रुपये शिल्लक आहेत. चालू व्यवसाय आपला खर्च आपणच भागवतो, असे गृहीत धरले आहे. मालकाने मागणी स्वीकारावी काय, हा प्रश्न आहे.

दरमहा ६०,००० रुपये नफा दिसत असल्याने बहुतेक विद्यार्थ्यांचे पहिले उत्तर होकारार्थी असते. नफा आणि हातातील रोकड या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांना स्वतःच्या आकडेमोडीतून उमगावे, हा या पाठाचा उद्देश आहे.

## पूर्ववाचन

प्रकरण दोन पृष्ठांहून मोठे नसावे आणि ते पाठाच्या दोन-तीन दिवस आधी द्यावे. त्यासोबत रोख प्रवाह व खेळते भांडवल यांवरील पाठ्यपुस्तकातील भाग पुरेसा होतो. प्रकरणाच्या शीर्षकात वा प्रश्नांत ‘रोख टंचाई’सारखा शब्द येऊ देऊ नये, तसे झाल्यास शोधावयाची गोष्ट आधीच सांगितली जाते.

वाचन झाले आहे की नाही हे तोंडी विचारून कळत नाही. म्हणून प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहून आणावयाची असते. तीत मागणी स्वीकारावी की नाही, याचे एका वाक्यात उत्तर आणि व्यवसायाला आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती रक्कम घालावी लागेल, याचा आकडा असतो. या चिठ्ठ्या शिक्षक जपून ठेवतो, कारण समारोपात त्या पुन्हा लागतात.

## भूमिका व चर्चा

नव्वद मिनिटांच्या पाठात चिठ्ठ्या गोळा करण्यास १० मिनिटे, गटचर्चेस ३०, संपूर्ण वर्गाच्या चर्चेस २५ आणि समारोपास २५ मिनिटे ठेवता येतात. गटात मालक, साखळीचा खरेदी अधिकारी, बँक अधिकारी आणि निरीक्षक अशा चार भूमिका असतात.

भूमिका म्हणजे अभिनय नव्हे. पहिल्या तिघांना इतरांस ठाऊक नसलेली माहिती स्वतंत्र कागदावर दिली जाते. आरंभी निम्मी मागणी नोंदविण्यास आपली हरकत नाही, हे खरेदी अधिकारी जाणतो. पण विचारल्याखेरीज सांगत नाही. बँक अधिकारी येणे रकमेच्या तारणावर ३,००,००० रुपयांपर्यंत कर्ज देऊ शकतो. मालकाच्या कागदावर शिल्लक रकमेला हात लावण्यास घरच्यांची तयारी आहे, एवढेच असते. अशा रचनेमुळे विद्यार्थ्याला प्रश्न विचारून माहिती मिळवावी लागते. निरीक्षक बोलत नाही. कोणता आकडा कोणी कशाच्या आधारे मांडला, याची नोंद ठेवतो.

वर्गाच्या चर्चेत शिक्षक पुढील तक्ता विद्यार्थ्यांकडूनच भरून घेतो.

| महिना | महिन्यातील खर्च | महिनाअखेरची जमा | महिनाअखेरची एकत्रित स्थिती |
|---|---|---|---|
| पहिला | २,४०,००० | ० | −२,४०,००० |
| दुसरा | २,४०,००० | ० | −४,८०,००० |
| तिसरा | २,४०,००० | ३,००,००० | −४,२०,००० |

तक्त्यावरून सर्वाधिक गरज ४,८०,००० रुपयांची दिसते आणि येथेच बहुसंख्य गट फसतात. पहिल्या बिलाचे पैसे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस येतात, तर त्या महिन्याचा खर्च त्याआधी झालेला असतो. पैसे हाती येण्याच्या आदल्या दिवशी ७,२०,००० रुपये गुंतलेले असतात. शिल्लक वजा जाता ३,७०,००० रुपये कमी पडतात आणि बँकेचे कर्ज मिळूनही ७०,००० रुपयांची तूट उरते. निम्मी मागणी घेतल्यास, खर्चही निम्मा होईल असे धरून, गरज ३,६०,००० रुपयांवर येते व केवळ १०,००० रुपये कमी पडतात.

उत्तरे स्थिरावू लागली की शिक्षक एक नवी वस्तुस्थिती पुढे ठेवतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. मुदत ४५ दिवसांची झाली आणि खर्च महिनाभर समप्रमाणात होत असला, तर गरज ६,००,००० रुपये होते. शिल्लक व कर्ज मिळून ती भागते. मात्र नवा पुरवठादार मोठ्या ग्राहकाला कायदा दाखवील काय, हा प्रश्न उरतोच आणि चर्चा आकड्यांकडून वाटाघाटीच्या बळाकडे वळते.

## समारोप-चर्चा

समारोपाच्या आरंभी भूमिका सोडल्याचे स्पष्टपणे सांगावे लागते. एरवी खरेदी अधिकारी झालेला विद्यार्थी आपल्या बाजूचे समर्थन करीत राहतो. त्यानंतर निरीक्षक नोंदी वाचतात. मग प्रत्येकाला त्याची चिठ्ठी परत देऊन आपला आकडा का बदलला, हे दोन वाक्यांत लिहावयास सांगितले जाते.

अखेरीस शिक्षक तत्त्व मांडतो : उधारीवर वाढणारी विक्री नफा दाखवीत असतानाच रोकड शोषून घेते. वरील प्रकरणात गुंतवलेली रक्कम दहाव्या महिन्याच्या अखेरीस पूर्णपणे परत येते. तेही प्रत्येक बिल वेळेवर चुकते झाले तरच; पहिलेच बिल ३० दिवस रखडले तर गरज ९,६०,००० रुपयांवर जाते.

## मर्यादा

वेळ अपुरा पडला की सर्वप्रथम समारोपाला कात्री लागते. मग विद्यार्थ्यांच्या लक्षात केवळ वादविवाद राहतो. शिक्षकाने चर्चेच्या मध्यावर आपले मत सूचित केल्यास सर्व गटांची उत्तरे एकसारखी येऊ लागतात. पाठ फसल्याची ही सर्वांत ठळक खूण होय. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात सर्वांना बोलण्याची संधी मिळत नाही. अशा वेळी चिठ्ठ्यांवरूनच प्रत्येकाच्या आकलनाचा अंदाज येतो. रोजकीर्द, खतावणी यांसारखी सरावाची कौशल्ये शिकविण्यास ही पद्धती उपयोगी पडत नाही. ती आधी अवगत नसतील, तर वरील तक्ताही विद्यार्थ्यांना भरता येत नाही.